घराच्या रिनोव्हेशनचा गँट चार्ट: कामं एकमेकांना कशी बांधायची आणि लाल रेष कशी दाखवायची?

निळी शाई | १० डिसेंबर, रात्री ९.१५

मुलुंडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. एक बाथरूम आणि पूर्ण किचन फोडून नवीन करायचं, घरभर पीओपी आणि रंग. दुसऱ्या बाथरूमला हात लावायचा नाही. काम सोमवारी, ५ जानेवारी २०२६ ला सुरू होईल. काम चालू असेपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात राहणार आहोत आणि १९ मार्चला पाडव्याच्या दिवशी परत यायचं आहे. सोसायटीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काम चालत नाही.

कॉन्ट्रॅक्टरकडून प्रत्येक कामाचे दिवस लिहून घेतले:

१. तोडफोड, रॅबिट खाली नेणं – ५
२. विजेच्या खाचा आणि पाइप – ४
३. बाथरूम-किचनची नळाची लाइन – ४
४. प्रेशर टेस्ट – १
५. खाचा बुजवणं, प्लास्टर – ३
६. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग – ४
७. पाणी भरून ठेवणं – ३
८. बाथरूमच्या लाद्या – ७
९. किचनचा ओटा आणि भिंतीच्या लाद्या – ६
१०. मॉड्युलरवाल्याने माप घेणं – १
११. फॅक्टरीत माल तयार होणं – १८
१२. ट्रॉल्या आणि कपाटं बसवणं – ३
१३. पीओपी सीलिंग – ६
१४. पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात – ८
१५. बाथरूमचे नळ, कमोड, बेसिन – २
१६. रंगाचा शेवटचा हात – ३
१७. स्विच, दिवे, पंखे – २
१८. साफसफाई – १

ही बेरीज ८१ दिवस होते, म्हणजे पाडवा गेलाच. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "दोन महिन्यांत देतो, बरीच कामं सोबत चालतात." स्प्रेडशीटमध्ये मी तारखा टाकून रंगीत पट्ट्या केल्या आहेत, दिसायला छान दिसतात. पण एखादं काम दोन दिवस लांबलं तर पुढचं काय काय हलेल ते त्यातून कळत नाही. नेमक्या कोणत्या उशिराची काळजी करायची, हे दाखवणारा चार्ट कसा करतात?

---

गच्चीवरचा | १० डिसेंबर, रात्री ९.४०

वॉटरप्रूफिंगवर लक्ष ठेवा, बाकी सगळं नंतर. मुंबईत तेच क्रिटिकल. खालच्या घरात ओल उतरली की सोसायटीची नोटीस आणि भांडण, दोन्ही घरपोच.

---

मोगरा | १० डिसेंबर, रात्री १०.०५

कॉन्ट्रॅक्टर रेट काय लावतोय ते पण सांगा ना. आमचंही काढायचंय पुढच्या वर्षी.

---

टाचणी | १० डिसेंबर, रात्री ११.२०

ताई, तुमच्या पट्ट्या हलत नाहीत कारण तारखा हाताने टाकल्या आहेत. चार्टमध्ये तारीख एकच टाइप करायची, काम सुरू व्हायची. बाकी सगळ्या सूत्राने यायला हव्यात. आणि त्याआधी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे सुरू होण्याआधी काय संपलेलं असलंच पाहिजे? "साधारण त्याच सुमारास होतं" हे उत्तर चालत नाही.

तुमच्या यादीचं उत्तर मी असं लावलं आहे. २ आणि ३ दोन्ही १ नंतर, आणि सोबत चालतात. ४ हे ३ नंतर. ५ साठी २ आणि ४ दोन्ही हवेत, कारण टेस्टच्या आधी खाच बुजवली आणि सांधा गळला तर प्लास्टर पुन्हा फोडावं लागतं. ६ हे ५ नंतर, कारण कोट भिंतीवरही चढवतात आणि तो कोऱ्या प्लास्टरवरच धरतो. मग ७, ८, १५ ओळीने. ९ मात्र ५ झालं की लगेच सुरू होऊ शकतं, बाथरूमसाठी थांबायची गरज नाही. ९ नंतर १०, ११, १२ ओळीने. १३ हे २ नंतर. १४ साठी ५ आणि १३. १६ साठी १२, १४ आणि १५ तिन्ही. मग १७, मग १८.

आता शीट. A क्रमांक, B काम, C दिवस, D मध्ये आधीची कामं फक्त वाचण्यासाठी. E सुरू, F संपलं, हे तारखेत नाही तर कामाच्या कितव्या दिवशी या आकड्यात. पहिलं काम दुसऱ्या ओळीत, म्हणजे ९ नंबरचं काम दहाव्या ओळीत येईल.

```
E2:  =1
F2:  =E2+C2-1
E10: =F6+1
E17: =MAX(F13,F15,F16)+1
```

F चं सूत्र खालपर्यंत ओढा. E मात्र प्रत्येक ओळीत हाताने लिहायचं, कारण तिथेच तुमचे संबंध राहतात. E17 मध्ये MAX आहे ते पाहा: शेवटचा हात तिघांची वाट बघतो, म्हणून तिघांतलं जे सगळ्यात उशिरा संपेल ते धरायचं.

हे भरलं की शेवटच्या ओळीत ८१ नाही, ४७ येईल.

---

निळी शाई | ११ डिसेंबर, सकाळी ७.५०

४७ आले! पण लाल काय आणि कसं करायचं?

---

टाचणी | ११ डिसेंबर, सकाळी ९.१०

त्यासाठी शेवटापासून उलटं चालायचं. शेवट न हलवता प्रत्येक काम जास्तीत जास्त किती उशिरा चालू शकतं ते काढायचं. G उशिरात उशिरा सुरू, H उशिरात उशिरा संपणं, I सवड.

```
H19: =F19
G19: =H19-C19+1
H6:  =MIN(G7,G10,G15)-1
I6:  =G6-E6
```

H6 म्हणजे प्लास्टर. त्याच्यावर तीन कामं थांबलेली आहेत, वॉटरप्रूफिंग, ओटा आणि पुट्टी. त्यातलं ज्याला सगळ्यात आधी सुरू व्हायचं आहे त्याच्या आदल्या दिवशी प्लास्टर संपलं पाहिजे, म्हणून इथे MIN. G आणि I ची सूत्रं सगळ्या ओळींत ओढा, H मात्र E सारखं हाताने लिहा.

सवड शून्य आली ती कामं लाल. पट्ट्यांसाठी M1 पासून BX1 पर्यंत १ ते ६४ आकडे टाका आणि M2:BX19 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये तीन नियम द्या: पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा फिकट राखाडी.

```
=AND(M$1>=$E2,M$1<=$F2,$I2=0)
=AND(M$1>=$E2,M$1<=$F2,$I2>0)
=AND(M$1>$F2,M$1<=$H2)
```

डॉलरची चिन्हं जशीच्या तशी ठेवा. M$1 च्या जागी $M$1 लिहिलं तर पट्टी न येता अख्खी ओळ रंगते किंवा कोरी राहते.

तारखा हव्या असतील तर सुट्ट्यांची वेगळी शीट करा, तिला Suttya नाव द्या, सुरुवातीची तारीख B22 मध्ये ठेवा आणि J2, K2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=WORKDAY.INTL($B$22-1,E2,11,Suttya!$A$2:$A$20)
=WORKDAY.INTL($B$22-1,F2,11,Suttya!$A$2:$A$20)
```

११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी. सुट्ट्यांत २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारीची शिवजयंती टाकलीत की ४७ वा दिवस सोमवारी, २ मार्चला येतो.

---

गच्चीवरचा | ११ डिसेंबर, सकाळी ११.३०

मीही आकडे टाकून पाहिले. तुमच्या हिशेबात वॉटरप्रूफिंग निळं येतंय, १२ दिवस सवड! हे मला पटत नाही. वॉटरप्रूफिंग क्रिटिकल नाही असं कुठला मिस्त्री म्हणेल?

---

टाचणी | ११ डिसेंबर, दुपारी १२.१५

दादा, शब्दाचा घोळ आहे. तुम्ही म्हणता ते जोखमीचं काम, आणि ते शंभर टक्के बरोबर. क्रिटिकल पाथ फक्त वेळेचं सांगतो: कोणतं काम एक दिवस लांबलं तर घर एक दिवस उशिरा मिळेल. ताईंच्या घरात ती वाट तोडफोड, नळाची लाइन, प्रेशर टेस्ट, प्लास्टर, ओटा, माप, फॅक्टरी, ट्रॉल्या, शेवटचा हात, दिवे, साफसफाई अशी जाते. बाथरूम तिच्यावर नाही. त्यामुळे वॉटरप्रूफिंगला घाई करायची नाही हाच त्याचा अर्थ. १२ दिवस हाताशी आहेत, पाणी नीट तीन दिवस ठेवा.

---

सुतारपक्षी | ११ डिसेंबर, दुपारी १.००

वॉटरप्रूफिंगला १२, पाण्याला १२, लाद्यांना १२, नळांना १२. म्हणजे बाथरूमला एकूण ४८ दिवस मोकळे? मग बाथरूमवाल्याला आरामात बोलवा की.

---

टाचणी | ११ डिसेंबर, दुपारी १.२५

नाही, ते १२ चौघांचे मिळून आहेत. डबा एकच आहे, चार जण त्यातून खातात. वॉटरप्रूफिंगने ७ दिवस खाल्ले की लाद्यांना ५ उरले. शीटमध्ये C7 ला ४ च्या जागी ११ टाकून पाहा, खालच्या तिन्ही ओळींची सवड एकदम ५ होईल. राखाडी पट्टी प्रत्येक ओळीत वेगळी दिसते म्हणून ही चूक फार लोक करतात.

---

गोरेगावकर | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

कामं करून घेणाऱ्याच्या नजरेतून एक विचारतो. लादीवाले किती आहेत?

---

निळी शाई | ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.०५

एक कारागीर आणि त्याचा एक हेल्पर. प्लास्टर, ओटा, लाद्या सगळं तोच करणार. वॉटरप्रूफिंगवाला वेगळा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आधी बाथरूम पूर्ण करू, म्हणजे ओलं काम एकदाचं संपतं, मग किचनला हात घालू.

---

गोरेगावकर | ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.२०

मग तुमचे ४७ कागदावरच राहतील. चार्टला वाटतंय की ओटा चौदाव्या दिवशी सुरू होतोय. प्रत्यक्षात लादीवाला चौदाव्या दिवशी बाथरूमचं पाणी उतरायची वाट बघत बसलेला असेल, किंवा दुसऱ्या साइटवर गेलेला असेल.

---

टाचणी | ११ डिसेंबर, रात्री ८.४५

गोरेगावकरांनी अगदी नेमकं बोट ठेवलं. ओट्याला बाथरूमची गरज नाही, पण एकच माणूस दोन्हीकडे हवा आहे. म्हणजे तोही संबंधच झाला, कामाचा नाही तर माणसाचा. तो चार्टमध्ये लिहिला नाही तर लाल रेष खोटी येते.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय तसं आधी बाथरूम धरून पाहा:

```
E10: =MAX(F6,F9)+1
H9:  =MIN(G16,G10)-1
```

१३ व्या दिवशी प्लास्टर संपतं. चार दिवस वॉटरप्रूफिंग, तीन दिवस पाणी, २१ ते २७ बाथरूमच्या लाद्या, आणि ओटा थेट २८ व्या दिवशी. एकूण ४७ चे ६१ झाले. चौदा दिवस गेले, आणि कोणीही एक दिवससुद्धा हळू काम केलेलं नाही. ६१ वा दिवस बुधवारी, १८ मार्चला येतो, तोही होळीची एकही सुट्टी न धरता. एक धरली तर तो पाडव्यावरच पडतो, म्हणजे २० तारीख.

आता उलटं करा, आधी ओटा:

```
E10: =F6+1
H10: =MIN(G11,G9)-1
E9:  =MAX(F8,F10)+1
H9:  =G16-1
```

ओटा १४ ते १९. त्याच काळात बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगवाला आहे आणि नंतर पाणी भरलेलं आहे, तिथे लादीवाल्याचं काही काम नाहीच. विसावा दिवस त्याला मोकळा, एकविसाव्या दिवशी तो बाथरूममध्ये. शेवट पुन्हा ४७. माणसं तीच, रोजचं कामही तेवढंच, फरक फक्त क्रमाचा.

एक खूण लक्षात ठेवा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लाल पट्टी कुठेही तुटता कामा नये. वरच्या पहिल्या प्रयोगात E10 बदललं आणि H9 बदलायला विसरलात तर बाथरूमच्या लाद्यांना २६ दिवस सवड दिसेल आणि पहिले २७ दिवस लाल रेष दिसणारच नाही. रेष तुटली की समजायचं, एखादा संबंध जाताना लिहिला पण उलटं येताना राहिला.

---

निळी शाई | ११ डिसेंबर, रात्री १०.१०

दोन्ही करून पाहिलं. ६१ वर पट्ट्या उजवीकडे सरकल्या तेव्हा पोटात गोळा आला. लादीवाल्याचा क्रम आत्ताच लेखी ठरवून घेते.

---

गोरेगावकर | ११ डिसेंबर, रात्री १०.३०

लेखी घ्याच, पण कॉन्ट्रॅक्टरची बाजूही ऐका. ओटा आधी केला की बाथरूमचं सिमेंट-रेती किचनपासूनच जाणार. नव्या ग्रॅनाइटवर प्लायवूड टाकून झाकावं लागेल, नाहीतर कोणीतरी त्यावर घमेलं ठेवतोच. आणि लादीवाल्याला विसाव्या दिवशी काही काम नाही असं दिसलं तर तो तेवढ्यात दुसरीकडे जातो आणि चार दिवस फिरकत नाही. त्या दिवसासाठी उंबऱ्याच्या पट्ट्या, खिडकीच्या कडेचं ग्रॅनाइट असं काहीतरी ठेवा.

---

मोगरा | १२ डिसेंबर, सकाळी ८.२०

आमच्याकडे पैसे कसे द्यायचे यावरूनच भांडण होतं. दर महिन्याला हप्ता की काम झालं की हप्ता?

---

गोरेगावकर | १२ डिसेंबर, सकाळी ९.००

मोगराताई, प्रश्न वेगळा आहे पण इथे लागू पडतो. हप्ते तारखेला बांधू नका, लाल कामांच्या शेवटाला बांधा. ताईंच्या बाबतीत प्रेशर टेस्ट पास, ओटा पूर्ण, ट्रॉल्या बसल्या, असे. नाहीतर कॉन्ट्रॅक्टर सोपी निळी कामं पुढे काढतो, घर भरलेलं दिसतं, हप्ता जातो, आणि ओटा तिथेच.

---

टाचणी | १२ डिसेंबर, सकाळी ९.४५

यात थोडी भर. पाण्याची चाचणी निळी असली तरी तिच्यावर हप्ता ठेवा. तिथे प्रश्न वेळेचा नाही, नंतर फोडावं लागण्याचा आहे.

---

ओली भिंत | १२ डिसेंबर, दुपारी १२.१०

पाणी भरण्याचे तीन दिवस चार्टमध्ये चुकीच्या पद्धतीने मोजले आहेत. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री येत नाही, पण पाणी कुठे सुट्टी घेतं?

तुमच्या तारखांनी वॉटरप्रूफिंग शुक्रवारी २३ जानेवारीला संपतं. शनिवारी २४ ला सकाळी पाणी भरलं तर मंगळवारी २७ ला सकाळी बहात्तर तास होतात. चार्ट मात्र २४, २७ आणि २८ असे दिवस धरून लाद्या २९ ला सुरू करतोय. दोन दिवस फुकट दाखवतोय.

आणि चाचणी करताना नहाणी ट्रॅप घट्ट बंद करा, दोनएक इंच पाणी ठेवा, आणि पातळीवर भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून वेळ लिहा. पाणी थोडंसं वाफ होऊन कमी होतंच. पण रेघेखाली बोटभर उतरलं तर आधी ट्रॅपचा बूच तपासा, मग खालच्या मजल्यावर जाऊन त्याच जागेचं छत हात लावून बघा. ट्रॅपच्या गळ्याशी आणि पाइप भिंतीत शिरतो तिथेच बहुतेक वेळा गळती निघते.

---

टाचणी | १२ डिसेंबर, दुपारी १.३०

बरोबर पकडलंत. दोन प्रकारचे दिवस एका चार्टमध्ये मिसळले की असं होतं. सोपा उपाय म्हणजे पाण्याच्या ओळीत सुट्टी मधे येते का ते तारखेत बघून C मध्ये कामाचे दिवस कमी करायचे. इथे ३ च्या जागी १. मग वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची सवड १२ ची १४ होते, लाद्या आणि नळांची १३, कारण लादीवाला एकोणिसाव्या दिवसापर्यंत ओट्यावर असतो. शेवट तोच राहतो. सुरुवातीची तारीख हलली तर हा आकडा पुन्हा बघावा लागेल, म्हणून त्या घरात टीप लिहून ठेवा. मी ताईंना ३ च ठेवायला सांगेन, बाथरूमला थोडं जास्तच धरलेलं बरं.

उलट फॅक्टरीचं. तिथले लोक २१ दिवस सांगतात ते कॅलेंडरचे की कामाचे, हे विचारा. ताईंनी १८ धरलेत ते तीन आठवडे म्हणून जमतं. कामाचे २१ असतील तर शेवट थेट तीन दिवस पुढे, कारण ती ओळ लाल आहे.

---

निळी शाई | १२ डिसेंबर, दुपारी ३.०५

३ च ठेवते. पाण्याची चाचणी नापास झाली तर? वॉटरप्रूफिंग ४ आणि पाणी ३, असे सात दिवस परत धरले. एकदा नापास झाली तर सवड ५ उरते, शेवट हलत नाही. दोनदा नापास धरलं तर एकूण ४९ येतात, आणि लाल रेष किचन सोडून बाथरूममधून जायला लागली! हे बरोबर आहे का?

---

टाचणी | १२ डिसेंबर, दुपारी ३.३०

अगदी बरोबर. चौदा दिवस गेले, सवड बाराची, दोन दिवस शेवटावर आले. लाल रेष कायमची एका जागी नसते. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी प्रत्यक्ष लागलेले दिवस C मध्ये भरा आणि रेष कुठे आहे ते बघा. गच्चीवरच्या दादांचं वॉटरप्रूफिंग त्या क्षणी दोन्ही अर्थांनी क्रिटिकल झालेलं असेल.

आणि काठावरच्या कामावर नजर ठेवा. विजेच्या खाचांना फक्त एक दिवस सवड आहे. चार्टमध्ये ती निळी दिसते आणि इलेक्ट्रिशियन दोन दिवस आला नाही की प्लास्टर अडतं. लाल नियमात $I2=0 च्या जागी $I2<=1 आणि निळ्यात $I2>1 केलंत तर तीही लाल दिसेल.

---

सुतारपक्षी | १२ डिसेंबर, संध्याकाळी ५.५०

आमच्या घरी मॉड्युलर नव्हतंच, सुताराने घरातच बारा दिवसांत ट्रॉल्या केल्या. फॅक्टरीचे १८ दिवस वाचले. तुम्हीही तसं करा, ४७ चे सरळ तीसच्या आसपास येतील.

---

टाचणी | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

तेवढे येणार नाहीत. फॅक्टरी आणि बसवणं मिळून २१ दिवस आहेत, त्या जागी १२ आले तर ९ वाचतील, ३८. शिवाय घरात सुतारकाम चालू असताना रंगाचा पहिला हात दिला तर भुसा त्यात चिकटतो. म्हणजे सुतार आणि रंगारी यांच्यात नवा संबंध लिहावा लागेल, आणि त्याने वाचलेले दिवस परत खाल्ले जातील. पर्याय वाईट नाही, पण तो वेगळा चार्ट आहे.

रंगावरून आठवलं. पहिल्या हाताला १८ दिवस सवड आहे आणि चार्ट त्याला सोळाव्या दिवशीच सुरू करतोय. तेव्हा बाथरूमच्या लाद्या कापायच्या बाकी असतात, धूळ सगळी ओल्या पुट्टीवर. रंगाऱ्याला लाद्या संपल्यावर २८ व्या दिवशी बोलवा. ३५ ला तो मोकळा होतो, तरी ६ दिवस हाताशी राहतात. त्यासाठी E15 मध्ये F9 जोडा, आणि H9 मध्ये G15.

---

निळी शाई | १३ डिसेंबर, सकाळी १०.००

जोडलं. आता शेवटचं विचारते. ४७ अजून कमी करता येतील का? २ मार्च म्हणजे होळी अगदी तोंडावर. एकदा कारागीर गावी गेले की परत कधी येतील सांगता येत नाही.

---

टाचणी | १३ डिसेंबर, सकाळी ११.१५

लाल ओळींतच कमी करायला हवं, निळी कामं घाईने उरकून काहीही मिळत नाही. माझ्या मते जागा एकच आहे. ९ नंबरचं काम फोडा: तीन दिवस ओटा, तीन दिवस भिंतीच्या लाद्या. ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं माप ओट्याचे कडप्प्याचे उभे आधार आणि वरचं ग्रॅनाइट बसलं की घेता येतं, भिंतीच्या लाद्यांची वाट बघावी लागत नाही. माप तीन दिवस आधी, फॅक्टरी तीन दिवस आधी, आणि एकूण ४४. म्हणजे गुरुवार, २६ फेब्रुवारी.

---

गोरेगावकर | १३ डिसेंबर, दुपारी १२.००

खालच्या ट्रॉल्यांना मान्य. वरच्या कपाटांना नाही. ती दोन भिंतींच्या मधे अडकून बसणार असतील तर लादी आणि तिच्यामागचा मसाला दोन्ही बाजूंनी मिळून इंचभर जागा खातो. उघड्या भिंतीवर माप घेतलं आणि लाद्या छतापर्यंत गेल्या, की कपाट आत जातच नाही. मग फॅक्टरीत परत, आणि तीन दिवस वाचवायला जाऊन दोन आठवडे जातात.

---

टाचणी | १३ डिसेंबर, दुपारी १२.४०

लादीची जाडी आधी ठरलेली असेल तर माप घेतानाच ती वजा करता येते, आणि बाजूला भरायची पट्टी ठेवता येते.

---

गोरेगावकर | १३ डिसेंबर, दुपारी १.०५

भिंत ओळंब्यात असेल तर. जुन्या इमारतीत भिंत वर-खाली अर्धा इंच फिरलेली असते, मसाला कुठे किती बसेल हे लादीवाल्यालाही लावेपर्यंत माहीत नसतं. मी तरी ही जोखीम घेणार नाही.

---

ओली भिंत | १३ डिसेंबर, दुपारी २.२०

मधला मार्ग: माप दोनदा. खालच्यांचं ओटा झाल्यावर, वरच्यांचं लाद्या झाल्यावर, आणि फॅक्टरीला दोन वेगळ्या ऑर्डरी. वरची कपाटं तीन दिवस उशिरा आली तर चालेल का, ते बघा.

---

टाचणी | १३ डिसेंबर, दुपारी २.५०

चालेल, पण मग ११ ला दोन ओळी होतील आणि शेवटचा हात दोन्हींची वाट बघेल. वरच्यांची ओळ लाल राहील आणि शेवट ४७ च. फायदा फक्त तेव्हा, जेव्हा फॅक्टरी वरची कपाटं कमी दिवसांत देते. ती लहान ऑर्डर आहे, १५ दिवसांत दिली तर ४४ जमतील.

---

निळी शाई | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

आज मॉड्युलरवाल्याशी बोलले. दिवस कॅलेंडरचे आहेत, माप घेतल्यानंतर २१. दोन ऑर्डरींना तो तयार आहे, पण १५ दिवसांचं "बघतो" म्हणाला. आमचं वरचं एक कपाट दोन भिंतींच्या मधे आहे, दुसरं मोकळं. उद्या घरी ओळंबा घेऊन जाते, ती भिंत किती फिरली आहे ते मोजून इथे टाकते.